तोंड येतं, भरत नाही, मग अंगावर फोड : पेम्फिगस ओळखण्यापासून औषध बंद होईपर्यंत

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस नुकता लागला असताना, मालवणकडच्या एक काकी माझ्या दवाखान्यात आल्या. वय 48, बाजारात मासळी विकायच्या. पाच महिन्यांत सात किलो उतरून वजन 50 वर आलं होतं. तोंडावर पदर धरलेला. म्हणाल्या, "डॉक्टरानु, पेजसुद्धा गिळूक होणा नाय." ब्लाउजच्या गळ्याखाली रुपयाएवढे दोन फोड होते, आणि तिसऱ्या जागी फक्त सोललेली लाल कातडी.

मी सिंधुदुर्गात त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. या आजाराचे रुग्ण कमी असतात, पण जे येतात त्यांची हकीकत जवळपास हीच असते. म्हणून काकींच्याच दोन वर्षांच्या प्रवासावरून एकेक पायरी सांगतो. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिली पायरी : साधं तोंड येणं आणि हे, यातला फरक

जानेवारीत काकींना गालाच्या आतून पहिली जखम झाली. घरच्यांनी उष्णता म्हटलं. बी कॉम्प्लेक्स, तूप, जिऱ्याचं पाणी, जाईच्या पानांचा चोथा, सगळं झालं. नंतर दाताच्या डॉक्टरांकडे हिरड्या साफ करून झाल्या. काकी पूर्वी मिश्री लावायच्या, त्यामुळे मार्चमध्ये कोणीतरी कॅन्सरची शंका काढली आणि घर हादरलं. ती शंका चूक नव्हती. मिश्री किंवा तंबाखू लावणाऱ्याच्या तोंडात न भरणारी जखम असेल तर ती तपासलीच पाहिजे.

नेहमीचं तोंड येतं तेव्हा जखम वाटाण्याएवढी, गोल, कडा लाल आणि मध्ये पिवळट असते. आठवडा-दोन आठवड्यांत ती आपोआप भरते, मग महिना-दोन महिन्यांनी दुसरी येते. मधले दिवस तोंड स्वच्छ असतं. पेम्फिगसमध्ये असे मोकळे दिवसच मिळत नाहीत. जखमा वेड्यावाकड्या कडांच्या, उथळ, साल निघाल्यासारख्या असतात. एक भरायच्या आत शेजारी दुसरी होते. गालाची आतली बाजू, टाळू आणि हिरड्या ही नेहमीची ठिकाणं. ब्रश फिरवला की हिरडीचा पापुद्रा निघून येतो. तोंडात फोड दिसतच नाही, कारण त्याची पातळ कातडी घास लागताच फुटते. म्हणून रुग्णही म्हणतो की फोड नव्हताच, जखमच होती.

माझा साधा हिशेब असा आहे. तोंडातली जखम तीन आठवडे होऊनही भरत नसेल तर औषधं बदलत बसायचं नाही, तपासणीला जायचं. त्यासोबत आवाज बसला असेल, गिळताना घशात टोचत असेल, नाकात रक्ताच्या खपल्या धरत असतील किंवा लघवीच्या जागी सोलल्यासारखं झालं असेल, तर तीन आठवडेही थांबू नये. बहुतेक रुग्णांत आजार तोंडातच सुरू होतो आणि अंगावर फोड यायला काही आठवडे ते काही महिने जातात. तेवढ्या वेळात आजार ओळखला गेला तर पुढचं बरंच टळतं. काकींच्या बाबतीत ते पाच महिने वाया गेले.

दुसरी पायरी : आत काय बिघडलंय ते समजून घ्या

आपल्याकडच्या जांभ्याच्या भिंतीची कल्पना करा. चिरे म्हणजे कातडीच्या पेशी. त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारा मसाला म्हणजे डेस्मोग्लिन नावाची प्रथिनं. पेम्फिगसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती याच मसाल्याला परका समजते आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करते. चिरे धड राहतात, सांधे सुटतात. पेशी सुट्या झाल्या की मध्ये पाणी साचतं, तोच फोड.

हा मसाला दोन जातींचा आहे. तोंडाच्या अस्तराची भिस्त मुख्यतः डेस्मोग्लिन 3 वर. अंगाच्या कातडीत 1 आणि 3 दोन्ही असतात, त्यामुळे एक निकामी झालं तरी दुसरं सांभाळून घेतं. सुरुवातीला अँटीबॉडी फक्त 3 च्या विरुद्ध असतात, तेव्हा तोंड सोलतं आणि अंग शाबूत राहतं. पुढे 1 च्या विरुद्धही अँटीबॉडी तयार झाल्या की अंगाला आधार उरत नाही. 'आधी तोंड, मग अंग' हा क्रम त्यातूनच येतो.

फोड लेचापेचा असण्याचं कारणही इथेच आहे. भिंत वरच्या थरांत फुटते, त्यामुळे फोडावरचं छत पातळ असतं आणि कपड्याच्या घासण्यानेही फाटतं. म्हाताऱ्या माणसाला आधी खूप खाज सुटून मग टणक, पटकन न फुटणारे फोड आले तर तो बहुधा पेम्फिगॉइड नावाचा वेगळा आजार असतो. त्यात भिंत पायापासूनच सुटलेली असते.

आता गावात हमखास होणारे दोन गैरसमज. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाचं ताट, टॉवेल, अंथरूण वेगळं करायला नको. आणि ही नागीण नव्हे. नागीण शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते आणि दोन-तीन आठवड्यांत सुकते. काकींच्या घरीही नागीण समजून मंत्र टाकून झाला होता आणि जखमांना गेरू लावला होता. गाऱ्हाणं घालायला माझी ना नाही, पण उघड्या जखमेवर गेरू, राख किंवा पाला अजिबात नको.

तिसरी पायरी : तुकडा कुठून काढला आणि कोणत्या बाटलीत टाकला

लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथे जरा रेंगाळतो. काकींच्या फायलीत एप्रिलचा एक बायोप्सी रिपोर्ट होता : 'अल्सर, सूज, विशेष निष्कर्ष नाही'. तो वाचून सगळे निर्धास्त झाले. चूक प्रयोगशाळेची नव्हती. तुकडा जखमेच्या मध्यातून काढला होता, आणि तिथे कातडी उरलेलीच नसते. भिंत पडून मोकळ्या झालेल्या जोत्यावर उभं राहून ती कशी पडली ते कळत नाही. अजून उभ्या असलेल्या भिंतीची कडा बघावी लागते.

म्हणून तुकडे दोन लागतात.

पहिला तुकडा नव्या फोडाच्या कडेचा. फोड शक्यतो एक-दोन दिवसांतलाच असावा, लहान असावा आणि तुकड्यात शेजारची थोडी चांगली कातडीही यावी. हा फॉर्मेलिनमध्ये जातो. सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांत खालची पेशींची ओळ पायाला घट्ट चिकटलेली आणि तिच्या वर मोकळी फट दिसली, तर निदान जवळ आलं. त्या एका ओळीला डॉक्टर थडग्यांची रांग म्हणतात. फटीत सुट्या झालेल्या गोल पेशी तरंगताना दिसतात.

दुसरा तुकडा फोडाच्या शेजारच्या, साधारण सेंटीमीटरभर अंतरातल्या, वरून चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा किंवा तोंडाच्या अस्तराचा. इथे रुग्ण विचारतो, "चांगली जागा कशाला कापता?" कारण अँटीबॉडी चिकटलेल्या बघायच्या असतील तर पेशी जागेवर असाव्या लागतात. या तपासणीला डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्स म्हणतात. पेम्फिगस असेल तर प्रत्येक पेशीभोवती हिरवी चमकती रेघ उमटते आणि सगळं मिळून मासे पकडायच्या जाळ्यासारखं दिसतं. काकींना तो फोटो दाखवल्यावर त्या क्षणभर हसल्या, पाच महिन्यांत पहिल्यांदा.

हा दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये कधीही टाकायचा नाही. टाकला तर तपासणी वाया गेली. तो मिशेल्स मीडियम नावाच्या द्रावणात जातो, आणि त्यात काही दिवस टिकतो. ते मिळालं नाही तर साध्या सलाईनमध्येही चालतो, पण मग तो 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. आमच्याकडून तुकडा मुंबईला, कोल्हापूरला किंवा गोव्याला जातो. त्यामुळे मी शनिवारी दुपारी सलाईनमधला तुकडा काढत नाही. रविवारी घेणारं कोणी नसतं, आणि पावसात घाट बंद झाला तर तो वाटेतच अडकतो. बायोप्सी होताना नातेवाइकांनी दोन गोष्टी बिनधास्त विचाराव्यात : बाटल्या दोन आहेत ना, आणि दुसरी फॉर्मेलिनची नाही ना?

काकींच्या छातीवर नवा फोड होता, म्हणून दोन्ही तुकडे तिथूनच घेतले. सुन्न करून, चार मिलिमीटरचे, प्रत्येकी एक टाका. फक्त तोंडात आजार असेल तर गालाच्या आतून घ्यावा लागतो. तेही सुन्न करूनच होतं.

सोबत रक्ताची एलायझा तपासणी केली, म्हणजे डेस्मोग्लिन 1 आणि 3 विरुद्धच्या अँटीबॉडींचं मोजमाप. दोन्ही वाढलेल्या होत्या. तोंड आणि अंग दोन्ही सोलत होतं, त्याच्याशी ते जुळलं. ही तपासणी निदानाला मदत करते आणि पुढे आजार कुठे चाललाय तेही सांगते. मात्र डेस्मोग्लिन 3 चा आकडा कधीकधी रुग्ण पूर्ण बरा असतानाही चढा राहतो, म्हणून नुसत्या आकड्यावरून औषध वाढवायचं नाही.

डॉक्टर कधी फोडाशेजारची कातडी अंगठ्याने हलकेच सरकवून बघतात. ती घसरून निघाली तर ती पेम्फिगसची खूण मानतात. घरी हा प्रयोग करू नका, जखम वाढते.

चौथी पायरी : औषध सुरू होण्याआधीचा आठवडा

पेम्फिगसच्या उपचारात प्रतिकारशक्ती दाबावी लागते. त्यामुळे शरीरात आधीच लपून बसलेलं काही असेल तर ते उसळू शकतं. म्हणून छातीचा एक्सरे आणि क्षयाची चाचणी, हिपॅटायटिस बी (त्यातही जुन्या संसर्गाची खूण सांगणारी चाचणी), हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, साखर, रक्तदाब आणि यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या होतात. आपल्या भागात अनवाणी चिखलात राबणाऱ्यांच्या पोटात एक बारीक जंत वर्षानुवर्षं राहू शकतो आणि स्टेरॉइड सुरू झाल्यावर अंगभर पसरू शकतो, म्हणून जंताचं औषधही आधी देतो. चालू गोळ्यांची यादी बघायची, कारण पेनिसिलामाइन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही हा आजार उद्भवू शकतो.

रिपोर्ट येईपर्यंत रुग्णाला तसाच सोडायचा नसतो. स्टेरॉइड लगेच सुरू करता येतं.

पाचवी पायरी : औषधं, आणि इतका वेळ का

स्टेरॉइड येण्यापूर्वी या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत. सोललेल्या अंगातून पाणी आणि प्रथिनं जायची आणि जंतुसंसर्ग व्हायचा. आजही धोका मुख्यतः संसर्गाचाच आहे.

काकींना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किलोमागे 1 मिलिग्रॅम, म्हणजे रोज 50 मिलिग्रॅम सकाळी नाश्त्यानंतर सुरू केलं. जोडीला अॅझाथायोप्रिन, म्हणजे पुढे स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून दिलेलं औषध. त्याचा परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे लागतात आणि सुरुवातीला पांढऱ्या पेशी वारंवार तपासाव्या लागतात. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व.

तिसऱ्या आठवड्यात नवे फोड यायचे थांबले. हा पहिला टप्पा. त्यानंतर सलग दोन आठवडे एकही नवा फोड नाही आणि जुन्या जखमा बऱ्याचशा, साधारण 80 टक्के, भरल्या, हा दुसरा टप्पा. तोवर डोस कमी करायचा नसतो. तिथून 50 चे 40, दोन आठवड्यांनी 30, असं उतरत गेलो. गणपतीपर्यंत काकी 30 वर होत्या आणि अंगावर फक्त डाग उरले होते.

आणि इथेच घोटाळा झाला. चेहरा सुजून गोल झाला होता. मुंबईहून आलेली चाकरमानी मंडळी म्हणाली, बरी झालीस की, या गोळ्यांनीच तुझा चेहरा असा झाला. काकींनी चतुर्थीपासून सगळ्या गोळ्या बंद केल्या. पाचव्या दिवशी मळमळ, चक्कर, उठवेना. विसर्जनाला अंगणातच खाली बसल्या. दोन आठवड्यांत तोंड पुन्हा सोललं.

दोन वेगळ्या गोष्टी घडल्या होत्या. बाहेरून स्टेरॉइड मिळत असतं तेव्हा मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं थांबवतात. त्यांना जागं व्हायला वेळ लागतो, म्हणून अचानक बंद केल्यावर रक्तदाब कोसळतो आणि जीवही जाऊ शकतो. रुग्णाला उलट्या होत असतील आणि गोळी पोटात टिकत नसेल तरीही तेवढाच धोका आहे, तेव्हा त्याच दिवशी इंजेक्शन घ्यावं लागतं. दुसरी गोष्ट आजाराची. कातडी भरली म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी गेल्या असं नाही. रक्तातल्या अँटीबॉडी निम्म्या व्हायलाच साधारण तीन आठवडे लागतात, आणि त्या बनवणारा कारखाना चालू असेल तर जेवढ्या झिजतात तेवढ्या नव्या येतात. स्टेरॉइड हे काम लवकर आटोक्यात आणतं, पण त्या पेशींची आठवण पुसत नाही.

कारखान्यावरच घाव घालायचा तर रिटुक्सिमॅब. अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी ज्यांच्यापासून तयार होतात त्या बी पेशी हे नष्ट करतं. 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या फ्रान्समधल्या चाचणीत रिटुक्सिमॅब आणि थोडे महिने स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी 89 टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधाशिवाय पूर्ण बरे होते. नुसत्या स्टेरॉइडच्या गटात हा आकडा 34 टक्के होता. अमेरिकेत 2018 मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली, आणि आता मध्यम-तीव्र आजारात ते सुरुवातीलाच द्यावं असा कल आहे. काकींना मीही जूनमध्ये सुचवलं होतं. खर्च आणि अंतर यामुळे घरच्यांनी थांबू म्हटलं, आणि मी फार आग्रह धरला नाही. आज धरला असता.

ऑक्टोबरमध्ये अॅझाथायोप्रिन बंदच ठेवून रिटुक्सिमॅब दिलं : 1 ग्रॅम, पंधरा दिवसांनी पुन्हा 1 ग्रॅम. सलाईनमधून हळूहळू, चार-सहा तास, आधी थंडीतापाची प्रतिक्रिया टाळणारी औषधं देऊन. हे रुग्णालयातच होतं. घेतल्याबरोबर जखमा भरतील अशी अपेक्षा ठेवू नये. त्याआधीच बनलेल्या अँटीबॉडी झिजायला वेळ लागतो, आणि त्या बनवणाऱ्या काही पक्क्या पेशींवर या औषधाचा घाव बसत नाही. फरक दिसायला एक ते तीन महिने जातात, तोवर स्टेरॉइड चालूच ठेवावं लागतं. बी पेशी साधारण सहा ते बारा महिन्यांनी परततात, म्हणून नंतर 500 मिलिग्रॅमचे डोस द्यावे लागू शकतात. हिपॅटायटिस बीची तपासणी टाळायची नाही असं वर म्हटलं, ते या औषधामुळे तर जास्तच. ज्या लसी घ्यायच्या त्या शक्यतो त्याच्या महिनाभर आधी घ्याव्यात. प्रतिकारशक्ती दबलेली असताना जिवंत विषाणूच्या लसी नकोत.

गावात एखादे वयस्कर रुग्ण सांगतील की त्यांना दर महिन्याला तीन दिवस सलाईन लावायचे. ती दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. पसरिचा यांनी 1980 च्या दशकात सुरू केलेली पद्धत. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड 100 मिलिग्रॅम सलग तीन दिवस, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइडही, दर 28 दिवसांनी. तिने भारतातले असंख्य जीव वाचवले. पण सायक्लोफॉस्फामाइडमुळे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, म्हणून तरुण रुग्णांना त्याबद्दल आधी नीट विचारावं लागतं.

घरी काय करायचं

तोंडासाठी बीटामेथासोनची 0.5 मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी 10-20 मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटं तोंडात घोळवायची आणि थुंकायची. गिळायची नाही. किती वेळा ते डॉक्टर सांगतील. जेवणाआधी लिग्नोकेनची सुन्न करणारी जेल. अल्कोहोल असलेला माउथवॉश आगीत तेल ओततो. अगदी मऊ ब्रश. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला तर ती बुरशी असते, तिचं औषध वेगळं.

जेवणात उकड्या तांदळाची किंवा नाचणीची पेज कोमट करून, मऊ भात, ताजं गोड ताक, शहाळं. प्रथिनं हवीतच, म्हणून अंडं मऊ शिजवून, मासा काटे काढून फिक्कट शिजवलेला, तिखट-तिरफळ न घालता. सोलकढीवर काकींचा जीव, पण कोकमाचा आंबटपणा जखमेला झोंबतो. ती चार महिने बंद ठेवली. कुरकुरीत तळलेला मासा, पापड आणि चकली तोंड सोलून काढतात.

फोडाचं छत उपटायचं नाही. मोठा फोड दवाखान्यात निर्जंतुक सुईने खालून टोचून रिकामा करतात आणि वरची कातडी तशीच ठेवतात. तीच उत्तम पट्टी. चिकटपट्टी लावू नये, काढताना चांगली कातडी घेऊन येते. व्हॅसलीन लावलेली गॉझ वापरावी. अंग फार सोललं असेल तर रुग्णालयात केळीच्या पानावर झोपवतात. पान गुळगुळीत असतं आणि जखमेला चिकटत नाही. घरी करायचं तर डॉक्टरांना विचारून, धुतलेल्या, वाफवून गार केलेल्या पानावर, आणि रोज नवीन.

पावसाळ्यात कपडे दमट राहतात. चादर इस्त्री करून वापरा. सोललेल्या पायांनी शेताच्या पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस अशाच जखमांतून शिरतो. ताप, पू, दुर्गंधी किंवा अचानक बारीक, खोल, फार दुखणारे फोड घोळक्याने आले तर फोनवर सल्ला न विचारता त्याच दिवशी दाखवा. शेवटचं लक्षण बहुधा हर्पिसचं असतं आणि त्याला वेगळं औषध लागतं.

डिसेंबरपर्यंत काकींना नवी जखम नव्हती. पुढच्या मे महिन्यात प्रेडनिसोलोन बंद झालं, शेवटचे 10 मिलिग्रॅम उतरवायला सर्वांत जास्त आठवडे लागले. पुढच्या ऑक्टोबरमध्ये 500 मिलिग्रॅमचा डोस झाला. आता त्या दर तीन महिन्यांनी येतात, मी गाल आणि हिरड्या बघतो, वर्षातून एकदा एलायझा. आजार परतला तर बहुधा आधी हिरडीवरच दिसेल, म्हणून रविवारी सकाळी आरशासमोर, उजेडात, ओठ उलटून बघायचं असं आमचं ठरलंय. मध्ये एकदा घाबरून धावत आल्या होत्या. बघितलं तर बांगड्याचा काटा लागला होता.